मदत हवी आहे: क्रॉस प्रॉडक्टने पाख्याचं क्षेत्रफळ जुळतंय, दिशा मात्र चुकतेय

पडवीकर

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचं जुनं घर आहे. दक्षिणेच्या अंगाला पडवी आहे, तिची कौलं उतरवून पत्रे घालायचेत आणि त्यावर सोलर पॅनेल बसवायचेत. बाहेरचा गडगा तिरका गेलाय म्हणून पडवीही तिरकी बांधलेली आहे. पाखं आयत नाही, समांतरभुज चौकोन आहे, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

नकाशात पडवी २३ चौरस मीटर दाखवली आहे. पत्रेवाल्याने टेप लावली, लांबी ६.०८ आणि उतरती बाजू ४.५८, दोन्ही गुणून २७.८५ चौरस मीटर सांगितले. मला दोन्ही पटेना. माझा मामेभाऊ सर्व्हेचं काम करतो, त्याने टोटल स्टेशन लावून कोपरे मोजून दिले. वळचणीचा पश्चिमेकडचा कोपरा शून्य धरला. तिथून वळचणीच्या दुसऱ्या टोकाला जायचं तर पूर्वेला ६ मीटर, उत्तरेला १, उंचीत फरक नाही. तिथूनच वर भिंतीला टेकलेल्या कोपऱ्यावर जायचं तर पूर्वेला १, उत्तरेला ४ आणि वर २.

बारावीचं गणित आठवून क्रॉस प्रॉडक्ट केला. हाताने उत्तर आलं (२, १२, २३). वर्गांची बेरीज ६७७, वर्गमूळ २६.०२. मग खात्रीसाठी भावाने दिलेल्या फाइलमधले रकाने जसेच्या तसे स्प्रेडशीटमध्ये घेतले आणि हे सूत्र टाकलं:

```
=C2*D3-D2*C3
=D2*B3-B2*D3
=B2*C3-C2*B3
```

तिथे आलं (१२, −२, −२३). त्याचीही लांबी २६.०२!

क्षेत्रफळ दोन्हीकडे सारखं, म्हणून ते बरोबर असं मी धरते. पण पॅनेलवाल्याला पाख्याचं तोंड कुठे आणि उतार किती हे हवंय. माझं पहिलं उत्तर म्हणतं तोंड उत्तरेला. पावसाचं पाणी तर दक्षिणेला गडग्याकडे पडतं, लहानपणापासून बघतेय. दुसरं उत्तर जमिनीत शिरतंय. कोणावर विश्वास ठेवू?

सह्यकडा

सोपं आहे. क्रॉस प्रॉडक्टमध्ये क्रम महत्त्वाचा. पहिली बाजू गुणिले दुसरी आणि दुसरी गुणिले पहिली यांची लांबी एकच, पण दिशा बरोबर उलट. तुम्ही क्रम उलटा घेतलाय, दोन्ही वेळा. अदलाबदल करा, काम झालं. उजव्या हाताची बोटं पहिल्या बाजूकडून दुसरीकडे वळवा, अंगठा जिकडे जाईल ती दिशा. वळचणीकडून चढत्या बाजूकडे वळवलीत तर अंगठा आभाळाकडेच जायला हवा.

पडवीकर

अंगठ्याचं समजलं, तो वरच जातोय. पण पहिल्या उत्तरात क्रम उलटला तर (−२, −१२, −२३) होतं. म्हणजे तोंड दक्षिणेला झालं खरं, पण ते खाली पडवीतच घुसलं. मग?

ओळंबा

ताई, तुमची शंका रास्त आहे. पहिल्या उत्तरात क्रमाची चूक नाहीच. क्रम उलटला की तीनही आकड्यांची चिन्हं एकदम बदलतात. तुमचा एकच आकडा बिघडलाय, मधला.

आधी तपासायचं कसं ते सांगतो, कारण ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि मुलं नेमकी तीच करत नाहीत. मी पॉलिटेक्निकला बरीच वर्षं शिकवलं, वहीत हीच चूक सगळ्यात जास्त वेळा पाहिली. आलेलं उत्तर दोन्ही बाजूंना लंब असायला हवं, म्हणजे प्रत्येक बाजूशी डॉट प्रॉडक्ट शून्य. तुमचं (२, १२, २३) वळचणीशी लावा: ६ गुणिले २ म्हणजे १२, १ गुणिले १२ म्हणजे १२, शेवटचं शून्य. बेरीज २४. शून्य नाही, म्हणजे ही रेघ पाख्याला लंबच नाही. आता मधला आकडा −१२ करा: १२ वजा १२, शून्य. चढत्या बाजूशी लावा: २ वजा ४८ अधिक ४६, तेही शून्य. बरोबर उत्तर (२, −१२, २३).

चूक कुठे झाली तेही दिसतंय. मधला आकडा काढताना तुम्ही मधला रकाना झाकला आणि उरलेल्या दोहोंत डावीकडून उजवीकडे गुणलंत: ६ गुणिले २, वजा ० गुणिले १. पण फिरायचं असतं पूर्व, उत्तर, वर आणि पुन्हा पूर्व असं गोल. मधल्याची पाळी येते तेव्हा आधी 'वर' येतं आणि मग 'पूर्व'. म्हणून ० गुणिले १, वजा ६ गुणिले २. तुमच्या स्प्रेडशीटच्या दुसऱ्या ओळीत तो क्रम बरोबर आहे, बघा.

आणि क्षेत्रफळ जुळलं यावर दिशेसाठी भरवसा ठेवू नका. लांबी काढताना १२ चा वर्ग होतो, चिन्ह तिथेच गळून पडतं. १२ असो की −१२, २६.०२ येणारच.

पडवीकर

सर, खूप खूप आभार. (२, −१२, २३), म्हणजे वर आणि दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. पाणी पडतं तिकडेच! पण मग स्प्रेडशीटचं सूत्र बरोबर असून तिथे का बिघडलं?

ओळंबा

भावाच्या फाइलमध्ये रकान्यांची नावं बघून सांगा. उत्तर आधी की पूर्व आधी?

पडवीकर

N, E, Z असं आहे. अरे देवा. मी B रकान्याला पूर्व समजत होते.

ओळंबा

तेच. सर्व्हेच्या फाइलमध्ये बरेचदा उत्तर आधी लिहितात. आता ते उत्तर पुन्हा वाचा: उत्तरेला १२, पश्चिमेला २, खाली २३. बरोबर उत्तराच्या अगदी उलट, तीनही चिन्हांसकट. कारण उत्तर, पूर्व, वर या क्रमाने अक्ष डाव्या हाताचे होतात आणि सूत्र उजव्या हातासाठी आहे. सह्यकडा, तुम्ही म्हणालात तसं उलटं झालं ते इथे. फक्त बाजूंचा क्रम नव्हे, रकान्यांचा क्रम बदलला होता.

सह्यकडा

मान्य. पहिल्या उत्तरात तीनपैकी एकच चिन्ह चुकलंय हे मी पाहिलंच नाही, घाईत दोन्हींना एकच कारण लावलं.

सायन्सवाली

मी बारावीला आहे. आमच्या पेपरात दोन्ही सदिशांना लंब असणारा एकक सदिश विचारतात आणि उत्तर अधिक-वजा असं दोन्ही लिहितात. म्हणजे २६.०२ ने भागलं की ताईंची तीनही उत्तरं बरोबरच धरायची ना? दिशा काय, दोन्ही चालतात.

ओळंबा

दोन चालतात, तीन नाही. (२, −१२, २३) आणि त्याचं उलट, या दोहोंना पेपरात पूर्ण गुण. (२, १२, २३) ला कितीनेही भागलंस तरी ते लंब होणार नाही. आणि पाख्यावर पॅनेल लावताना दोहोंतलं 'वर' अधिक असलेलंच घ्यायचं, कारण सूर्य त्या बाजूला आहे.

गावशीव

माझं शेत डोंगर उतारावर आहे, चार बाजू चार मापांच्या. मी असंच कोपऱ्यातून दोन बाजू घेऊन क्रॉस प्रॉडक्ट केला तर सातबाऱ्यापेक्षा बरंच जास्त येतंय. मोजणी चुकली म्हणायची का?

ओळंबा

दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. दोन बाजूंचा क्रॉस प्रॉडक्ट समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ देतो, वेड्यावाकड्या चौकोनाचं नाही. तुमच्यासाठी दोन कर्ण घ्या, त्यांचा क्रॉस प्रॉडक्ट आणि त्याच्या लांबीचं निम्मं. चारही कोपरे एका पातळीत असतील तर हे चालतं. दुसरं म्हणजे जमिनीचं क्षेत्र आडव्या अंतरावर मोजतात, उतारावर टेप टाकून नाही. ते या धाग्यातच दिसतंय. ताईंच्या उत्तरातला तिसरा आकडा २३, आणि नकाशातला आकडाही २३. तो योगायोग नाही. डोक्यावर ऊन असताना पाख्याची जमिनीवर पडणारी सावली २३ चौरस मीटर. दक्षिणेच्या भिंतीवर समोरून टाकलेली सावली १२, पूर्वेच्या भिंतीवर २. तुम्हीही कर्ण घेतलेत तर तिसऱ्या आकड्याचं निम्मं सातबाऱ्याशी ताडून बघा, एकूण लांबीचं नव्हे.

पडवीकर

हे वाचून मी वहीवर तीन सावल्या काढून पाहिल्या. इतके दिवस हे तीन आकडे मला नुसती आकडेमोड वाटत होती. म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा हिशेब २३ वर आणि पत्र्यांचा २६.०२ वर. पत्रेवाल्याचे २७.८५ का चुकले तेही कळलं: बाजू काटकोनात नाहीत. दोन बाजूंचा डॉट प्रॉडक्ट १० येतोय, त्यावरून कोन साधारण ६९ अंश.

सह्यकडा

हो, आणि ६९ अंशाचा साइन ०.९३. त्याने २७.८५ ला गुणा, २६ वर येता. पण पत्रे मागवताना तिरक्या कडांना कापून वाया जाणारा भाग वेगळा धरा. तिथे पत्रेवाल्याचा जास्तीचा आकडा अगदीच निरर्थक नाही.

ओळंबा

उतारासाठी २३ भागिले २६.०२, म्हणजे ०.८८. हा कोसाइन सुमारे २८ अंशांचा. तोंड दक्षिणेपासून पूर्वेकडे साडेनऊ अंश सरकलेलं, कारण २ आणि १२ चं गुणोत्तर. पॅनेलवाल्याला हे दोन आकडे पुरतील.

पडवीकर

एक राहिलंच. भावाने चौथा कोपराही मोजलाय. हिशेबाने तो पूर्वेला ७, उत्तरेला ५, वर २ असायला हवा. फाइलमध्ये ७.०२, ५.०१ आणि १.९१ आहे. हे चालवून घ्यायचं का?

ओळंबा

त्या कोपऱ्याचा (२, −१२, २३) शी डॉट प्रॉडक्ट घ्या आणि २६.०२ ने भागा. १४.०४ वजा ६०.१२ अधिक ४३.९३, म्हणजे −२.१५. भागल्यावर −०.०८३. कोपरा पाख्याच्या पातळीच्या आठ सेंटिमीटर खाली आहे. क्षेत्रफळात नगण्य, पण पॅनेलची चौकट सरळ असते, ती तिथे टेकणार नाही. खरंच खाली आहे की मोजताना काठी कलली, हे बघायला दोन्ही कर्णांवर दोऱ्या ताणून बांधा. कोपरे एका पातळीत असतील तर दोऱ्या मध्यावर एकमेकींना टेकतील. आठ खाली असेल तर मध्ये चारएक सेंटिमीटर फट दिसेल.

पडवीकर

आज संध्याकाळी कौलं उतरवल्यावर कोपऱ्यावर खिळे मारून दोऱ्या बांधल्या. फट आहे, पट्टीने पावणेचार सेंटिमीटर. म्हणजे मोजणी बरोबर होती. पण बाबा म्हणतात, चौथा कोपराच खचला कशावरून? भिंतीकडचा पश्चिमेचा कोपरा वर उचलला गेलेला असला तरी फट तेवढीच दिसेल.

ओळंबा

बाबांचं बरोबर आहे. दोऱ्या एवढंच सांगतात की चौघं एका पातळीत नाहीत, चूक कोणाची ते नाही. वाशांची टोकं उघडी पडली असतील तर आधी पूर्वेच्या टोकाला सळई टोचून लाकूड बघा. आणि गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन भिंतीवरचे दोन्ही कोपरे घरातल्या जोत्यापासून वेगवेगळे मोजा.

पडवीकर

नळी उद्या आणते. पूर्वेच्या वाशाचं टोक हाताला मऊ लागतंय, पण किती आत गेलंय ते अंधारात कळलं नाही. बघून लिहिते.