मदत हवी आहे: आईचं सिम २ तासांत बंद होणार असा फोन आलाय, केवायसी कुठं करायची?

अमर_सांगली
आई सांगलीत एकटी आहे, मी पुण्यात. सकाळी तिला ट्रायकडून फोन आला की केवायसी अपूर्ण आहे, २ तासांत नंबर बंद होईल, अधिकाऱ्याशी बोलायला ९ दाबा. तिने दाबलं. त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं, कोडही दिला, तरी 'व्हेरिफिकेशन पेंडिंग' असंच दिसतंय. पेन्शन याच नंबरला जोडलेल्या खात्यात येते. नंबर बंद झाला तर फार अडचण होईल. केवायसी ऑनलाइन होते का दुकानातच जावं लागतं? लवकर सांगा.

मंजिरी_ठाणे
सिम बंद होणार नाही. ट्राय कुणाचा नंबर बंद करत नाही आणि त्यासाठी ग्राहकाला फोनही करत नाही. तो विषय बाजूला ठेवा, आता दुसरं सांगा:
"सांगितलं तसं सगळं केलं" म्हणजे नेमकं काय? कुठलं ॲप टाकलं? प्ले स्टोअरवरून की व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून? कोड कुठला दिला, मेसेजमध्ये आलेला की ॲपच्या स्क्रीनवर दिसणारा? फोनमध्ये बँकेचं ॲप किंवा यूपीआय आहे का?
उत्तर येईपर्यंत आईला नेट आणि वायफाय दोन्ही बंद करायला सांगा.

दत्ता७२
हा कॉल फॉरवर्डिंगचा प्रकार आहे. ते गोड बोलून एक नंबर डायल करायला लावतात आणि तुमचे कॉल त्यांच्याकडे जातात. हे डायल करा, एका मिनिटात काम होईल:

```
##002#
```

अमर_सांगली
व्हॉट्सॲपवर SIM_KYC_Update.apk नावाची फाइल आली होती, ती टाकली. कोड मेसेजमधला होता, सहा आकडी. बँकेचं ॲप नाही, गुगल पे आहे. पैसे गेलेले नाहीत, तसा काही मेसेज आलेला नाही. आणि बंद होणार नाही हे इतकं खात्रीने कसं सांगता? त्या माणसाला आईचं पूर्ण नाव आणि पत्ता माहीत होता.

मंजिरी_ठाणे
नाव-पत्ता असलेल्या याद्या बाजारात विकत मिळतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. खरंच केवायसी राहिली असेल तर कंपनीचा मेसेज हेडरवरून, म्हणजे कंपनीच्या अक्षरी नावावरून येतो, दहा आकडी नंबरावरून नाही, आणि काम कंपनीच्या दुकानात होतं. संध्याकाळी दुकानात विचारा, हरकत नाही. पण आत्ता ते महत्त्वाचं नाही.

मेसेज आला नाही म्हणून पैसे गेले नाहीत असं धरू नका. ही फाइल टाकताना मेसेज वाचायची आणि पाठवायची परवानगी मागते. 'ओके' केलं की येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जातो आणि बरेचदा इथला मेसेज पुसलाही जातो. त्यांनी कोड तोंडी विचारला तो विश्वास बसावा म्हणून किंवा ॲप नीट बसलंय का हे बघायला. इथून पुढे त्यांना आईला काही विचारायची गरजच नाही.

आता या क्रमाने करा. आईशी त्या फोनवर बोलू नका, शेजाऱ्यांच्या फोनवर बोला. तिचा फोन विमान मोडवर टाका आणि वायफाय वेगळं बंद करा, कारण काही फोनमध्ये विमान मोड लावूनही वायफाय चालूच राहतं. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज येतील पण ते ॲप वाचू शकणार नाही. मग शेजाऱ्यांच्याच फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड तिन्ही थांबवा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गुगलवर शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात.

दत्ता७२
एवढा व्याप कशाला? ##002# ने सगळं रद्द होतं. वर्षानुवर्षं हेच सांगतोय.

मंजिरी_ठाणे
दत्ताभाऊ, त्याने वळवलेले कॉल रद्द होतात. मेसेज कॉल फॉरवर्डिंगने जात नाहीत, ॲपने जातात. ॲप फोनमध्ये असेपर्यंत हा कोड शंभरदा डायल करून उपयोग नाही. तपासावं हे मात्र बरोबर, कारण व्हॉट्सॲपचा कोड फोन कॉलवरही मागवता येतो आणि कॉल वळवलेला असेल तर तो त्यांना ऐकू जातो. सिम बटणांच्या फोनमध्ये गेलं की आधी हे बघा:

```
*#21#
```

दत्ता७२
मग दोन्ही करा. पण माझा मुद्दा चूक नव्हता. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरून, म्हणजे कोड डायल करून होणारं फॉरवर्डिंग बंद करायला सांगितलं ते याच फसवणुकीमुळे.

रानवारा
फोन सरळ फॉरमॅट मारा. मुळावरच घाव. बाकी सगळा वेळेचा अपव्यय आहे.

तनुजा_बँकवाली
अजिबात नको, निदान आत्ता नको. फॉरमॅट केला की ती फाइल, व्हॉट्सॲपवरचं संभाषण, फोन आलेला नंबर सगळं जाईल आणि तक्रारीत द्यायला काही उरणार नाही. आधी दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा: कॉल लॉग, व्हॉट्सॲप नंबर, फाइलचं नाव, मेसेज.

अमर, एक गोष्ट तुम्ही सांगितली नाही. त्या ॲपमध्ये आईने काही भरलं का? नाव, जन्मतारीख, 'फक्त १० रुपये भरा' असं काही? आईला नीट विचारा, रागावू नका, नाहीतर त्या सांगणार नाहीत.

कुलकर्णीकाका
माझ्या आधारवर किती सिम आहेत ते कुठे कळेल? एक नंबर मी कधी घेतलेलाच नाही, पण त्याचे मेसेज येतात.

मंजिरी_ठाणे
काका, sancharsaathi.gov.in वर तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. जो तुमचा नाही त्यावर 'माझा नंबर नाही' असं कळवता येतं. कृपया वेगळा धागा काढा, इथे गर्दी नको.

अमर_सांगली
विचारलं. १० रुपये 'अपडेट शुल्क' होतं. डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि एटीएमचा पिनही भरला. पेमेंट फेल झालं म्हणून तिला वाटलं काही झालंच नाही. शेजारच्या काकूंच्या फोनवरून बँकेला लावला. ते म्हणतात, १२:५२ ला यूपीआयने ४,९०० गेलेत. मेसेज आलाच नव्हता!! गुगल पे तर तिने उघडलंच नाही, मग पिन कुणी टाकला?

तनुजा_बँकवाली
त्यांनी. आईच्या गुगल पेला हातही लावला नाही. त्यांच्या फोनवर आईच्या नंबराने नवीन यूपीआय उघडलं. त्यासाठी आईच्या सिमवरून एक मेसेज जावा लागतो, तो त्या ॲपने पाठवला. नवा यूपीआय पिन बनवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो, काही बँका एटीएम पिनही मागतात. कार्डाची माहिती आणि पिन त्या १० रुपयांच्या फॉर्ममध्ये गेले, ओटीपी त्या ॲपने पाठवला. पेमेंट 'फेल' होणं हा त्यांच्या ठरलेल्या डावाचा भाग असतो.

४,९०० हा आकडा बघा. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिले २४ तास ५,००० ची मर्यादा असते. म्हणजे मोठी रक्कम उद्या दुपारनंतर गेली असती. फक्त 'कार्ड ब्लॉक करा' एवढं सांगून थांबू नका, कारण चालू झालेलं यूपीआय कार्ड बंद केल्याने थांबेलच असं नाही. "यूपीआय बंद करा, खात्यातून डेबिट थांबवा" असं स्पष्ट म्हणा आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्या. वेळ का, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, खाते क्रमांक हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यात पडून असेल तर तो तिथे अडवता येतो, एटीएममधून निघाला की संपलं. आज मिनिटं महत्त्वाची आहेत.

रानवारा
१९३० ने काही होत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन बसल्याशिवाय कुणी दाद देत नाही.

तनुजा_बँकवाली
ठाण्यात जाऊन जबाब होईपर्यंत पैसे तीन खाती फिरतात. आधी १९३०, मग cybercrime.gov.in वर फोटो जोडून तक्रार, आणि ठाण्यात त्यानंतर. जाऊ नका असं कुणी म्हणत नाहीये.

अमर_सांगली
१९३० दोनदा व्यस्त लागला, तिसऱ्यांदा नोंद झाली. यूपीआय आणि कार्ड बंद, खात्यावर डेबिट थांबवलंय. पण सिम जुन्या नोकियात घातलं तर नेटवर्कच येत नाही. त्यांनी सिम बंद केलं का?

मंजिरी_ठाणे
जिओ आहे का? जिओला टूजी नाही, जुन्या फोनमध्ये ते चालणारच नाही. फोरजीचा बटणवाला फोन किंवा शेजाऱ्यांचा जुना स्मार्टफोन चालेल. दुसऱ्या फोरजी फोनमध्येही 'सेवा नाही' आलं तर मात्र थांबू नका. त्यांनी ई-सिम किंवा डुप्लिकेट सिम काढलेलं असू शकतं, तडक ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जा.

अमर_सांगली
जिओच. काकूंच्या मुलाच्या फोनमध्ये चाललं. *#21# ला एक अनोळखी नंबर दिसला! ##002# केल्यावर गेला. दत्ताभाऊ, धन्यवाद. आता ते ॲप काढायचं तर 'अनइन्स्टॉल' दाबताच येत नाही, बटण राखाडी आहे. आयकॉनही दिसत नाही, सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत सापडलं.

मंजिरी_ठाणे
त्याने 'डिव्हाइस ॲडमिन'चा अधिकार घेतलाय. सेटिंग्जच्या शोधात 'ॲडमिन' टाका, त्या यादीतली खूण काढा. 'ॲक्सेसिबिलिटी'मध्येही ते चालू असेल तर बंद करा. मग अनइन्स्टॉल दाबता येईल. सेटिंग आपोआप मागे पळत असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करून हेच करा. हे सगळं विमान मोडवरच. आणि फोटो काढून झालेत ना, तर आता रानवारा म्हणतात तसा फॉरमॅट कराच, कारण त्या ॲपने मागे आणखी काय उतरवलं ते बाहेरून कळत नाही.

रानवारा
तेच तर पहिल्यापासून सांगत होतो.

तनुजा_बँकवाली
क्रम महत्त्वाचा होता. फॉरमॅटनंतर व्हॉट्सॲपचा बॅकअप परत घेतलात तर ती फाइलही परत येईल. गप्पा उघडून ती आधी पुसा, चुकून पुन्हा दाबली जाऊ नये.

अमर_सांगली
ॲप निघालं. व्हॉट्सॲप मात्र लॉग आउट झालंय. पुन्हा नंबर टाकला, कोड आला, तो टाकल्यावर आता वेगळाच सहा आकडी पिन मागतंय. आईने असा पिन कधी ठेवलेला नाही.

दत्ता७२
म्हणजे कॉलवरून कोड घेऊन व्हॉट्सॲप त्यांनीच उघडलं होतं आणि पिन लावला. मी म्हणत होतो.

मंजिरी_ठाणे
हो, या बाबतीत दत्ताभाऊंचं बरोबर निघालं. आलेला कोड तुम्ही टाकलात तेव्हाच त्यांच्याकडचं व्हॉट्सॲप बंद झालं. पिन माहीत नसेल तर ७ दिवस थांबावं लागेल, मग पिनशिवाय उघडता येईल. मधल्या वेळात नातेवाइकांना फोन करून सांगा की आईच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला असेल तर देऊ नका. सकाळपासून कुणी दिलेत का तेही विचारा, ती वेगळी तक्रार होईल.

अमर_सांगली
कळवतो सगळ्यांना. उद्या सांगलीला निघतोय. त्या ४,९०० चं काय होईल?

तनुजा_बँकवाली
पुढच्या खात्यात अडले असतील तर परत मिळवण्याची प्रक्रिया आहे, वेळ लागतो. निघून गेले असतील तर परत मिळतील असं मी सांगणार नाही. १९३० ची पावती घेऊन उद्या शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नवीन कार्ड येईपर्यंत यूपीआय चालू करू नका. पेन्शन जमा होण्याला डेबिट थांबवल्याने अडथळा येत नाही.

कुलकर्णीकाका
संचार साथीवर पाहिलं, तो नंबर खरंच माझ्या नावावर आहे. 'माझा नाही' असं कळवलं तर माझा चालू नंबर तर बंद नाही ना होणार?