अनुभव : रिटर्नआधी राहिलेली बिलं मागणारं पत्र

मी सांगलीत हिशेबाचं काम करते. इन्कम टॅक्स रिटर्नसाठी दरवर्षी ऑगस्टमध्ये पक्षकारांना बिलांसाठी पत्रं लिहावी लागतात. पूर्वी मी "राहिलेली बिलं लवकर पाठवा" एवढंच लिहायचे आणि काहीच यायचं नाही. त्यांना तरी कुठलं बिल राहिलंय हे कसं कळणार? मागच्या वर्षी एका हार्डवेअरवाल्या शेठना असं लिहिलं :

"शेठ, नमस्कार. 14 नोव्हेंबरला बँकेतून 47,200 गेलेत. जीएसटी पोर्टलवरच्या टू-बी यादीत त्याच रकमेचं बिल दिसतंय, 40,000 माल आणि 7,200 जीएसटी. बिल फाइलला नाही. काय घेतलं होतं? 25 ऑगस्टपर्यंत फोटो पाठवा, मूळ बिल नंतर दिलं तरी चालेल."

दुसऱ्याच दिवशी फोटो आला. तुम्ही कसं मागता, किंवा तुम्हाला कसं मागितलेलं आवडतं?

दुकानदार, कराड : टू-बीत बिल दिसतंय ना, मग कागद कशाला? भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तर तिथूनच मिळतं.

धागाकर्ती : दादा, टू-बीत दिसायला हवं हे खरंच, पण क्रेडिट घ्यायचं तर बिलही आपल्या हातात लागतं. शिवाय टू-बीत रक्कम दिसते, वस्तू दिसत नाही. शेठच्या बिलावर दोन स्टीलची कपाटं होती, मुलीच्या लग्नासाठी घेतलेली. दुकानाचा जीएसटी नंबर दिल्यामुळे ती खरेदीत आली होती. 7,200 चं क्रेडिट आधीच घेतलं होतं, ते उलटवलं आणि पूर्ण रक्कम घरखर्चाची उचल म्हणून टाकली. बिल मागितलं नसतं तर हा घरखर्च धंद्याच्या नफ्यातून वजा झाला असता.

नोकरदार, ठाणे : मलाही ऑफिसातून भाडेपावत्यांसाठी असंच पत्र येतं. घरमालक पॅन देत नाहीत. काय करू?

धागाकर्ती : ताई, तो पगारातल्या घरभाड्याचा विषय, इथलं गणित वेगळं. वेगळा धागा काढाल का?

निवृत्त लेखापाल, पुणे : मी पत्राला बँकेच्या उताऱ्याचं ते पान जोडायचो, नोंदीवर पेन्सिलीने खूण करून. ती खूण पाहिली की माणसाला तो दिवस आठवतो. आणि पंपाच्या पावत्या त्याच महिन्यात मागा. त्या कागदावरची शाई उडते, ऑगस्टपर्यंत नुसता पांढरा कागद हातात येतो. ऑडिटवाल्यांचं रिटर्न 31 ऑक्टोबरला असलं तरी ऑडिट रिपोर्ट त्याआधी महिनाभर द्यायचा असतो, म्हणून पत्रात रिटर्नची तारीख लिहूच नका. लोक ती वाचून निवांत होतात.

बांधकाम ठेकेदार, सातारा : हमालीचं काय? हमाल बिल देत नाही. मी व्हाउचरवर अंगठा घेतो.

निवृत्त लेखापाल, पुणे : नाव, तारीख, काम लिहा. एका माणसाला एका दिवशी रोख दहा हजारांच्या वर गेलात तर तो खर्च धरत नाहीत.

बांधकाम ठेकेदार, सातारा : टोळीचा मुकादम एकटाच पैसे उचलतो, वाटतो तो. मग माणूस एक की बारा?

धागाकर्ती : सही मुकादमाची असेल तर मी एकच धरते. बाकीचे कसं धरतात?