शब्दचर्चा : 'घसारा' म्हणजे नेमकी कशाची घसरण?

पानोपानी : हिशेबावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. डिप्रिसिएशनसाठी 'घसारा' हाच शब्द रूढ आहे हे माहीत आहे, पण तो अर्थाला पुरा पडतो का? मूळ मजकुरात एका ऑफिसातल्या सॉफ्टवेअर परवान्याची किंमतही वर्षावर्षांत वाटली आहे. त्यात घासण्यासारखं काय असतं? 'मूल्यऱ्हास' जास्त नेमका होईल का?

कडेकपारी : घसारा म्हणजे सुट्या मुरमाचा उतार, पाय ठेवला की खाली जाणारा. हिशेबातही किंमत तशीच खाली जाते, म्हणून तो शब्द आला असावा. मला तरी योग्य वाटतो.

खतावणी : डोंगरातला घसारा घसरण्याचा आणि हिशेबातला घासण्याचा, असं मी मानतो. यंत्र वापरून झिजतं, ती झीज. व्युत्पत्तीवर मी पैज लावणार नाही. पण दोन्ही अर्थ एकाच चुकीकडे नेतात. वाचणाऱ्याला वाटतं की यंत्राचं काहीतरी कमी झालं ते आपण मोजतो आहोत. प्रत्यक्षात घसारा मोजत नाहीत, वाटतात.

दुकानखर्च : वाटतात कसं? मशीन आज सहा लाखांचं, वर्षानं बाजारात साडेचार लाखांना जातं. दीड लाख कमी झाले, तो घसारा. त्यामुळे पानोपानी ताई, 'मूल्यऱ्हास' बरोबर आहे.

खतावणी : किंमत उतरते हे खरं, पण ती उतरण म्हणजे घसारा नव्हे. एक पॅकिंग मशीन घेऊ. खरेदी ६,१०,०००. वाहतूक, पाया आणि चाचणीसाठी ५०,०००. हे ५०,००० वेगळा खर्च म्हणून टाकायचे नाहीत, कारण त्यांच्याशिवाय मशीन कामाला लागत नाही. म्हणजे वहीत किंमत ६,६०,०००. सहा वर्षं चालेल आणि शेवटी मोडीत ६०,००० येतील असा अंदाज. मग वाटायचे राहिले ६,००,०००, दर वर्षी १,००,०००.

आता समजा मशीनचा खर्च सोडून धंद्यात दर वर्षी १,८०,००० उरतात. सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्ची टाकली तर त्या वर्षी ४,८०,००० तोटा दिसेल आणि पुढची वर्षं प्रत्येकी १,८०,००० नफ्याची दिसतील. दुसऱ्या वर्षाची वही पाहणाऱ्याला वाटेल, पाकिटं फुकटात भरली जातात. वाटून टाकलं तर सहाही वर्षं ८०,००० नफा दिसतो. सहा वर्षांची बेरीज दोन्हीकडे ४,८०,०००च येते, कारण पहिल्या रीतीत शेवटच्या वर्षी मोडीचे ६०,००० मिळतात. फरक फक्त कोणत्या वर्षाच्या अंगावर किती पडलं याचा आहे. ज्या वर्षी त्या मशीननं पाकिटं भरून दिली, त्या वर्षाच्या विक्रीतून मशीनच्या किमतीचा तेवढा भाग वजा व्हायला हवा. घसाऱ्याचं काम एवढंच.

पानोपानी : मग पहिल्या वर्षाअखेर ताळेबंदात ५,६०,००० दिसतात, ती मशीनची किंमत नव्हे?

खतावणी : ती बाजाराची किंमत नव्हे. अजून खर्ची टाकायचा राहिलेला भाग आणि मोडीचा अंदाज, एवढंच ते. विकायला गेलात तर ४,५०,००० येतील किंवा ५,९०,००० येतील. मशीन वापरात ठेवायचं आहे तोवर त्या भावानं हप्ता ठरत नाही. मात्र मशीनमधून आणि विक्रीतून मिळून इतकं कधीच वसूल होणार नाही अशी चिन्हं दिसली, तर वहीतला आकडा वेगळा तपासून खाली आणावा लागतो. ती निराळी नोंद आहे.

पट्टाबेल्ट : सहा वर्षांत बेल्ट, बेअरिंगं बदलली, तेलपाणी केलं, तो खर्च घसाऱ्यातच धरला की नाही? नाहीतर दोनदा मोजला जाईल.

खतावणी : नाही, दोनदा मोजला जात नाही. बेल्ट बदलला तो त्या वर्षाचा दुरुस्ती खर्च. त्यामुळे मशीन ठरलेली सहा वर्षं चालतं, त्याहून जास्त नाही. पण मोठं काम करून मशीन सहाऐवजी नऊ वर्षं चालणार असेल, तर तो पैसा किमतीत मिळवून उरलेल्या वर्षांवर वाटतात. गोंधळ होतो तो इथेच. रोजची दुरुस्ती किमतीत घातली की यंदाचा नफा फुगलेला दिसतो आणि पुढच्या वर्षांवर ओझं जातं.

दुकानखर्च : बरं, पण अंदाज चुकला तर? तीन वर्षांनी कळलं की मशीन आणखी दोनच वर्षं टिकणार.

खतावणी : मागची वर्षं उकरायची नाहीत. तीन वर्षांनंतर वहीत ३,६०,००० आहेत. मोडीचे ६०,००० वजा करून ३,००,००० उरतात. ते दोन वर्षांत, म्हणजे प्रत्येकी १,५०,०००. आणि समजा अंदाज बदललाच नाही, पण चौथ्या वर्षाअखेर, वहीत २,६०,००० असताना, मशीन २,९०,०००ला विकलं, तर ३०,००० फायदा दिसेल. तो कमाईचा फायदा नव्हे, आपण आधी जरा जास्त घसारा टाकला होता त्याची परतफेड आहे.

पट्टाबेल्ट : आणि मशीन सहा महिने बंद पडून असलं तर? झिजलंच नाही, मग घसारा कशाला?

खतावणी : स्थिर हप्त्यानं धरला असेल तर चालूच राहतो. आयएएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकातही असंच आहे. मशीन वापरायला तयार झालं की घसारा सुरू होतो, नुसतं रिकामं राहिल्यानं तो थांबत नाही. बंद मशीनही जुनं होतं आणि त्याहून सरस मशीनं येत राहतात. हां, तुम्ही पाकिटांच्या संख्येवर धरला असेल, म्हणजे मशीन आयुष्यात ३,००,००० पाकिटं भरेल आणि दर पाकिटाला २ पडतील, तर पाकिट नाही त्या महिन्यात घसारा शून्य. दोन्ही मान्य आहेत. कोणती रीत खरी, यावर या धंद्यातही एकमत नसतं.

कडेकपारी : सहा वर्षांत सहा लाख घसाऱ्यात जमतात, त्यातून नवीन मशीन घेता येतं ना?

खतावणी : 'जमतात' हा शब्द माणसाला फसवतो. पैसा मशीन घेताना गेला, घसाऱ्याच्या नोंदीनं एक दमडी कुठे सरकत नाही. ८०,००० नफा म्हणून दर वर्षी तेवढेच उचलले, तर १,००,००० धंद्यात राहतात एवढं खरं. पण ते मालात अडकले असतील, उधारीत गेले असतील. त्यासाठी बँकेत वेगळे बाजूला काढले तरच ते हाताशी राहतात. शिवाय नवीन मशीन त्याच भावात मिळेल असं थोडंच आहे.

पानोपानी : म्हणजे ताळेबंदातला 'संचित घसारा' हाच शब्द घात करतो. मराठीत संचित म्हणजे साठवलेलं धन. मी 'आजवरचा घसारा' लिहिते. आणि 'मूल्यऱ्हास' सोडून देते, तो बाजारभावाकडेच नेतो.

दुकानखर्च : छापील पत्रकांत 'संचित घसारा'च असतो, ताई. वाचणारा दोन शब्दांत अडकेल.

खतावणी : पहिल्यांदा येईल तिथे दोन्ही द्या, पुढे 'आजवरचा' ठेवा. सॉफ्टवेअर परवान्याला मात्र 'घसारा' म्हणू नका. तिथे लोक सरळ 'अमॉर्टायझेशन' म्हणतात आणि मला तरी त्याला चांगला मराठी शब्द अजून सापडलेला नाही.

पट्टाबेल्ट : 'खर्च-वाटणी' म्हणा ना. दोघांनाही चालेल.

पानोपानी : परवान्याला लावून बघते. मशीनला नको, तिथे घसारा सगळ्यांच्या तोंडात बसलेला आहे.