अरबी समुद्राच्या तापमान-नकाशात इंद्रधनुष्यी रंगपट्टी ठेवावी की काढून टाकावी?

सागरवेध

प्रबंधातील अरबी समुद्राच्या पृष्ठभागीय तापमानाचे नकाशे मी ‘जेट’ या इंद्रधनुष्यी रंगपट्टीऐवजी ‘विरिडिस’मध्ये काढले आहेत. मार्गदर्शकांच्या मते ते मरगळलेले दिसतात, शिवाय जेट वाचण्याची सर्वांना सवय आहे. माझी मापपट्टी 20 ते 32 अंश सेल्सिअस आहे. जेटमुळे वाचकाची खरोखर दिशाभूल होते, की हा केवळ आवडीनिवडीचा भाग आहे?

उजळरेषा

दिशाभूल होते, आणि ती कुठे होते हे आपल्याच मापपट्टीवर अंशाअंशाने दाखवता येते. नकाशातील बारीक आकार आपला डोळा मुख्यतः उजळपणाच्या फरकावरून ओळखतो, म्हणून प्रत्येक रंगाचा उजळपणा काळ्यासाठी 0 आणि पांढऱ्यासाठी 100 असा मोजून पाहावा. जेटमध्ये 20 अंशांना गडद निळा येतो, त्याचा उजळपणा सुमारे 13 आहे. 21.5 अंशांना शुद्ध निळा, म्हणजे 32, 24.5 अंशांना आकाशी, म्हणजे 91, 27.5 अंशांना पिवळा, म्हणजे 97. तिथून तो घसरतो आणि 30.5 अंशांच्या लालपाशी 53, तर 32 अंशांच्या तांबूस काळपट टोकाशी 25 उरतो.

याचा परिणाम असा की 21.5 ते 24.5 या तीन अंशांत उजळपणा जवळजवळ साठ एककांनी उडी घेतो, आणि पुढच्या तीन अंशांत तो जेमतेम सहा एककांनी हलतो. तापमानातील फरक दोन्हीकडे सारखाच असतो. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते. तिथे किनाऱ्याशी 25.5 आणि बाहेर 27 अंश असतील, तर ही सीमा नेमकी हिरव्या-पिवळ्या सपाट पट्ट्यात येऊन विरघळते. उलट सोमालियाच्या बाजूला 22 आणि 24 अंशांमधला साधा उतार भिंतीसारखा उभा दिसतो. वाचक म्हणेल की तिकडे तीव्र सीमा आहे आणि इकडे काही नाही, आणि हा निष्कर्ष समुद्राने नव्हे, रंगपट्टीने काढलेला असेल.

विरिडिसमध्ये उजळपणा सुमारे 15 पासून 91 पर्यंत जवळपास सरळ रेषेत चढतो, म्हणजे आपल्या मापपट्टीवर दर अंशाला साधारण सहा एकके, मग ते तापमान कुठलेही असो. खात्री करायची असल्यास दोन्ही नकाशे कृष्णधवल करून पाहावेत. जेटमध्ये 23 आणि 30.5 अंशांचे पाणी जवळपास एकाच करड्या छटेचे दिसेल.

ढगनोंद

वरील गणित मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला एकांगी वाटतो. मी रोज हवामानाचे नकाशे वाचतो आणि तिथे मला आकार नव्हे, आकडा हवा असतो. या बिंदूला 28 अंशांहून अधिक तापमान आहे का, हे मी पिवळा-नारिंगी पाहून क्षणात सांगतो. विरिडिसच्या हिरव्या छटांमध्ये मला मापपट्टीकडे वारंवार पाहावे लागते. कॉलिन वेअर यांनी 1988 मध्येच दाखवले होते की नकाशावरून मूल्य वाचायचे असेल तेव्हा रंगछटा बदलत जाणारी पट्टी करड्या पट्टीहून सरस ठरते. रडारच्या प्रतिमाही हिरवा, पिवळा, लाल अशाच असतात आणि त्यांनी कुणाची फसगत झाल्याचे मला ठाऊक नाही. त्यामुळे सरसकट जेटला हद्दपार करणे ही मला फॅशन वाटते.

हिशोबनीस

मीही विरिडिस वापरून पाहिले. आमच्या सहा विभागांच्या खर्चाच्या स्तंभालेखात लेखा विभाग जांभळा आणि विक्री विभाग पिवळा आला, तर सर्वांनी विचारले की विक्रीला एवढे महत्त्व का दिले. तेव्हा ही पट्टी वाईट आहे, असेच माझे मत झाले आहे.

उजळरेषा

हिशोबनीस, आपल्या विभागांना लहानमोठा असा क्रम नाही, आणि क्रम दाखवणारी पट्टी त्यांना दिल्यामुळे वाचकांना नसलेला क्रम दिसला. तिथे एकमेकांपासून वेगळे ओळखू येतील असे सहा सुटे रंग घ्यावेत. या धाग्यातील प्रश्न सलग बदलणाऱ्या राशीचा आहे.

ढगनोंद, वेअर यांचा दाखला बरोबर आहे, पण अर्धाच दिला आहे. आकार ओळखण्यासाठी उजळपणा क्रमाने बदलायला हवा, हेही त्यांच्याच मांडणीत आहे. विरिडिस ही करडी पट्टी नव्हे. तिच्यात जांभळा, निळा, हिरवा, पिवळा अशी छटाही बदलते, म्हणजे दोन्ही गरजांची थोडीफार सोय होते. आपल्याला 28 अंशांची सीमाच हवी असेल, तर नकाशावर 28 ची समताप रेषा काढून तिच्यावर आकडा लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. रडारमध्ये बहुतेकदा ठरावीक वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाचा अर्थ पूर्वानुमानकाला पाठ असतो. सलग तापमानाला तो न्याय लावता येत नाही.

फसगतीबद्दल म्हणाल, तर 2011 मध्ये हार्वर्डमध्ये हृदयाच्या धमन्यांवर एक अभ्यास झाला. रक्तप्रवाहाचा भित्तिकेवरील ताण कुठे धोकादायकरीत्या कमी आहे, हे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शोधायचे होते. त्रिमितीय चित्र आणि इंद्रधनुष्यी रंग असताना त्यांना 39 टक्के जागा सापडल्या. द्विमितीय चित्र आणि इंद्रधनुष्यी रंग असताना 62 टक्के. आणि त्याच द्विमितीय चित्रात काळ्या-लाल रंगांची पट्टी घेतल्यावर 91 टक्के.

पाणकावळा

मला लाल-हिरवा भेद नीट कळत नाही. जेटमधील हिरवा आणि नारिंगी माझ्यासाठी जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे ढगनोंद यांना क्षणात दिसणारे 28 अंश मला दिसतच नाहीत. विरिडिस मी व्यवस्थित वाचू शकतो. 2018 मध्ये आलेली निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारी ‘सिविडिस’ तर मला इतरांसारखीच दिसावी, अशा हिशोबाने बनवली आहे. अर्थात, माझ्या सहकाऱ्यांना ती फारच फिकी वाटते.

ढगनोंद

वर्गांविषयीचा मुद्दा मी मान्य करतो. पण मग 2019 ची ‘टर्बो’ का नको? ती इंद्रधनुष्यीच आहे, पण जेटसारखे खोटे पट्टे तिच्यात उमटत नाहीत आणि मार्गदर्शकांचीही समजूत निघेल.

उजळरेषा

पडद्यावर चटकन नजर टाकण्यासाठी टर्बो जरूर वापरावी. मात्र तिचा उजळपणाही मध्यभागी शिखर गाठून दोन्ही टोकांना उतरतो, म्हणून कृष्णधवल छपाईत 20 आणि 32 अंश पुन्हा एकमेकांत मिसळतात. प्रबंधाची छायाप्रत निघणार असेल, तर मी ती घेणार नाही. सवयीच्या मुद्द्यावर मार्गदर्शकांना एवढे सांगता येईल की मॅटलॅबने 2014 मध्ये आणि मॅटप्लॉटलिबने 2017 च्या आवृत्ती 2.0 मध्ये आपणहून जेटला मूळ निवडीवरून हटवले.

सागरवेध

नकाशे मरगळलेले दिसण्याचे कारण आता सापडले असावे. माझे बहुतांश पाणी 25 ते 30 अंशांत आहे आणि ढगांमुळे बिघडलेल्या मोजक्या बिंदूंसाठी मी मापपट्टी 20 पासून ठेवली होती. शिवाय सरासरीपासूनचे विचलन दाखवणारा एक नकाशा आहे. त्यालाही विरिडिस चालेल का?

उजळरेषा

बिघडलेले बिंदू आधी गाळून घ्यावेत आणि मगच मापपट्टी आवळावी; मात्र सोमालियाचे खरे थंड पाणी त्याबरोबर कापले जात नाही ना, हे तपासावे. जे कापले जाईल ते मापपट्टीच्या टोकाला बाण ठेवून कळवावे. विचलनासाठी शून्यापाशी फिका आणि दोन्हीकडे गडद होणारी पट्टी हवी, आणि दोन्ही मर्यादा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर फिका रंग शून्यावरून सरकतो:

```
plt.pcolormesh(lon, lat, sst, cmap="viridis", vmin=24, vmax=31)
plt.colorbar(extend="both")
# विचलनाचा नकाशा
plt.figure()
plt.pcolormesh(lon, lat, anom, cmap="RdBu_r", vmin=-3, vmax=3)
```

ढगनोंद

प्रबंधापुरते पटले. पण जुन्या जेट नकाशांशी शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर मी अजूनही जेटच घेईन.

पाणकावळा

त्यापेक्षा मूळ आकडे मिळवून जुने नकाशेच नव्या पट्टीत पुन्हा काढता येतील का, ते पाहावे.

ढगनोंद

आकडे मिळाले तर जरूर काढेन. अनेकदा हाती फक्त छापील चित्र असते.