मदत हवी आहे: अर्धवट जॉबमधलं सूत महिनाअखेरीला निम्म्या किमतीला दिसतंय

मंडळी, सोलापुरात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ईआरपीमध्ये डब्ल्यूआयपीची किंमत चुकीची येते आणि त्यात अडकलो आहे.

एक जॉब सांगतो. १,००० किलो सूत, २५० रुपये किलोने, पहिल्याच दिवशी पूर्ण इश्यू झालं. विणाई-शिलाईचा खर्च किलोमागे ६० रुपये. महिनाअखेरीला ४०० किलो तयार माल स्टॉकला गेला, ६०० किलो मागावर, काम सरासरी निम्मं झालेलं. (वेस्टेज सध्या बाजूला ठेवलंय.)

माझ्या हिशेबाने सूत १,५०,००० आणि मजुरी-खर्च १८,०००, म्हणजे १,६८,००० यायला हवेत. सिस्टीम मात्र ५० टक्के सगळ्यालाच लावते आणि ३०० किलो गुणिले ३१० करून ९३,००० दाखवते. उरलेले ७५,००० व्हेरियन्सला जातात. ही रक्कम म्हणजे नेमकं निम्मं सूत, जे डोळ्यांसमोर बीमवर गुंडाळलेलं आहे! नफा तेवढा खोटा कमी दिसतो.

टक्केवारी १०० करून पाहिली, तर न झालेली मजुरीही धरली जाऊन १,८६,००० येतात. सध्या हाताने जर्नल एन्ट्री टाकून पुढच्या महिन्याच्या १ तारखेला उलटवतो, पण चाळीसेक जॉबना ते झेपत नाही. माग थांबवून रोज मोजणीही शक्य नाही, शिफ्टअखेरचे मीटर तेवढे मिळतात.

सुताला १०० टक्के आणि मजुरीला वेगळी टक्केवारी, असं ऑपरेशननिहाय सेटिंग कोणी चालवलंय का? की ताणा, विणाई, शिलाई असे वेगळे जॉबच पाडावे लागतात?