मदत हवी आहे: ‘-टे’ कुठल्या नामांना चालतो?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळच्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. चौथीसाठी लघुत्वदर्शक शब्दांचा स्वाध्याय करतेय आणि ‘-टे’पाशी अडलेय.

रोपाचं रोपटं होतं, तेव्हा अर्थ नुसता लहान होत नाही, त्यात थोडी मायाही येते. खोपीचं खोपटं होतं, तिथे लहानपणाबरोबर गरिबी डोकावते. पोराचं पोरटं मात्र सरळ हिणवणं आहे. आणि घराचं घरटं झालं की त्यात माणूस राहतच नाही, पक्षी राहतो! लहानशा, लाडक्या घरासाठी आपण घरकुल म्हणतो. प्रत्यय एकच, पण चार तऱ्हा.

मुलं हुशार. एकाने लगेच ‘माडटं’ केलं, दुसरीने ‘फूलटं’. दोन्ही कानाला खटकतात, पण का, हे मला नियमात सांगता येईना. रोप, घर नपुंसकलिंगी म्हणून चालतात म्हणावं, तर फूलही नपुंसकलिंगीच. शिवाय खोप स्त्रीलिंगी असून तिला चालतो.

‘-उली’चं त्या मानाने बरं आहे. वाटुली, खाटुली, पेटुली, सगळी मूळ नामं स्त्रीलिंगी. गाड्याची गाडी झाल्यावरही तिची पुन्हा गाडुली होतेच.

तर ‘-टे’ला असा काही नियम आहे, की तयार शब्द पाठच करायचे? पेडणे, सत्तरीकडे माडाच्या किंवा फुलाच्या लहान रूपाला घरात काही लाडका शब्द असेल तर तोही सांगा.