मदत हवी आहे: दुसरा अ‍ॅनालायझर घ्यावा की सॅम्पलच्या वेळा बदलाव्यात?

नमस्कार मंडळी. परभणीत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. बायोकेमिस्ट्रीचा अ‍ॅनालायझर कागदावर तासाला २०० टेस्टचा, पण वॉश, रीरन धरून हातात १४० च पडतात. दिवसाच्या ८ तासांतला सकाळचा एक तास मेंटेनन्स, कॅलिब्रेशन आणि कंट्रोलमध्ये जातो. म्हणजे ७ तासांत ९८० टेस्ट. रोजच्या टेस्ट साधारण ६५०, म्हणजे वापर ६६ टक्के. कागदावर मशीन निवांत दिसतं.

खरी अडचण १० ते १ ची आहे. उपाशीपोटीचे सॅम्पल आणि जिंतूर, गंगाखेडच्या कलेक्शन सेंटरचे डबे एकदमच येतात. त्या ३ तासांत ४८० टेस्ट येतात, निघतात ४२०. उरलेल्या ६० अर्ध्या तासात संपतात, तेवढं चालतं. पण पावसाळ्यानंतर तापाचे पेशंट वाढले की एलएफटी, केएफटी वाढतात. २५ टक्के वाढ धरली तर त्याच वेळेत ६०० येतील आणि १ वाजता १८० टेस्ट तुंबतील, म्हणजे सव्वा तासाचं काम. तोवर डॉक्टरांची ओपीडी उठलेली असते.

दुसरं मशीन घेतलं तर गर्दीच्या महिन्यांतही दोन्हींचा वापर ४१ टक्क्यांवरच राहतो, आणि रोजचे कंट्रोल दुप्पट. म्हणून लिपिडसारख्या रुटीन टेस्ट २ नंतर लावायच्या आणि एका सेंटरचा डबा तासभर आधी आणायचा, असं माझ्या मनात आहे.

तुमच्याकडे क्षमता दिवसावर मोजता की गर्दीच्या तासांवर? आणि पुढच्या महिन्यांचा अंदाज बांधताना प्रत्येक सेंटरचा वेगळा धरता का?